रात्री स्क्रीनसमोर डोळे दमतात: आधी ब्राइटनेस, मग केशरी रंग

प्रश्न: रात्री दहा ते दोन-अडीचपर्यंत लॅपटॉप आणि जोडलेला मॉनिटर यांवर वाचायचं-लिहायचं काम असतं. खोलीतला दिवा बंद असतो. डार्क मोड लावलाय, नाइट लाइटही पूर्ण केशरी केलाय. तरी तासाभरात डोळे चुरचुरतात, अक्षरं फुटल्यासारखी दिसतात. नेमकं काय किती ठेवायचं?

उत्तर:

नाइट लाइट आणि डार्क मोड दोन्ही थोडा वेळ बंद करा आणि खोलीत एखादा छोटा दिवा लावा. सांगणं उलटं वाटेल, पण ब्राइटनेस बेतायचा तर समोर खरा पांढरा रंग हवा. आणि तो नीट बेतला नसेल तर बाकीच्या दोन गोष्टींनी फारसं काही साधत नाही.

साध्या मॉनिटरचा कमाल उजेड साधारण २५० ते ३५० निट्स असतो (निट हे पडद्याच्या उजळपणाचं एकक), आणि नवा मॉनिटर बहुधा त्याच्या बराच जवळ लावलेला येतो. भर दिवसा ते ठीक आहे. रात्री मंद दिव्यात ८० ते १२० निट्स पुरतात. मोजायला यंत्र लागत नाही, कोरा पांढरा कागद लागतो. स्क्रीनवर रिकामं पांढरं पान उघडा आणि कागद पडद्याच्या बाजूला असा धरा की दिव्याचा उजेड त्याच्यावर पडेल. पडदा स्वतःच दिवा असल्यासारखा झगमगत असेल तर ब्राइटनेस जास्त आहे. कागदाशेजारी पडदा मळकट, राखाडी दिसला तर कमी आहे. दोन्ही साधारण सारखे उजळ दिसले की थांबा.

मी रात्रपाळीत अशाच जोडीवर बसतो. माझ्या ३०० निट्सच्या मॉनिटरवर हा आकडा २२ वर स्थिरावला, लॅपटॉपची पट्टी मात्र ४० च्या आसपास. दोन्हींचे आकडे जुळवायला जाऊ नका, कारण प्रत्येक पडद्याचं ‘२२’ वेगळं असतं. दोन्हींवर पांढरं पान उघडून डोळ्यांनीच जुळवा. नाहीतर एकावरून दुसऱ्यावर नजर गेली की दर वेळी डोळ्यांना नव्याने जुळवून घ्यावं लागतं. आणखी एक, कीबोर्डवरच्या ब्राइटनेसच्या बटणांनी बहुधा फक्त लॅपटॉपच मंद होतो. बाहेरच्या मॉनिटरसाठी त्याच्याच मेन्यूत जावं लागतं. लिनक्सवर असाल तर एका ओळीत होतं:

```
ddcutil setvcp 10 22
```

यातला 10 हा ब्राइटनेसचा कोड आणि 22 ही त्याची किंमत. मेन्यूत शेजारीच कॉन्ट्रास्ट असतो, त्याला हात लावू नका. तो वाढवला की फिकट छटा पांढऱ्यात विरून जातात.

दिव्याबद्दल सांगायचं तर तो मॉनिटरच्या मागे ठेवा, म्हणजे उजेड भिंतीवर पडेल. पडद्यात त्याचं प्रतिबिंब दिसता कामा नये आणि बल्ब थेट डोळ्यांत येता कामा नये. मिट्ट अंधारातला एकच उजळ चौकोन हाच निम्मा त्रास असतो. घरात कोणी झोपलेलं असलं तरी भिंतीवरचा एवढा उजेड सहसा खपून जातो.

आता रंग. पडद्याचा मूळ पांढरा साधारण ६५०० केल्विनचा असतो, तर घरातला पिवळसर दिवा २७०० ते ३००० चा. म्हणून कागदाशेजारी पडदा निळसर वाटतो. तो तसा वाटेनासा होईपर्यंत रंग उबदार करायचा. सुरुवात ४५०० पासून करा, बहुतेकांचं ३८०० ते ४२०० मध्ये भागतं. Windows मध्ये `Settings > System > Display > Night light` इथे केल्विन दिसत नाहीत, फक्त Strength ची पट्टी असते. ती ३०-४० वर ठेवून कागदाशी ताडून पाहा. लिनक्सवरच्या GNOME डेस्कटॉपमध्ये नाइट लाइट सुरू असताना आकडाच देता येतो:

```
gsettings set org.gnome.settings-daemon.plugins.color night-light-temperature 4000
```

केशरी रंगाकडून अवाजवी अपेक्षा मात्र ठेवू नका. डोळ्यांत काही पेशी अशा असतात की त्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाला सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि मेंदूला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात. म्हणजे निळा कमी करण्याचा संबंध झोपेशी आहे. चुरचुरण्याचं खापर निळ्या प्रकाशावर फोडायला पुरावा नाही. २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यातही निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं आढळलं नाही. पट्टी पूर्ण टोकाला नेण्याचा तोटा मात्र लगेच दिसतो. निळा रंग जवळजवळ बंदच होतो आणि डार्क मोडमधल्या निळ्या लिंका काळ्यात बुडतात. तुम्ही त्या वाचायला पुढे झुकत असाल तर कारण हेच.

अक्षरं फुटण्यामागे मला डार्क मोडच दिसतो. पार्श्वभूमी काळी असली की बाहुली मोठी होते, आणि मोठ्या बाहुलीतून प्रकाश भिंगाच्या कडेच्या भागातूनही येतो. तिथे प्रतिमा तितकी रेखीव बनत नाही. चष्म्याला सिलिंड्रिकल नंबर असेल तर पांढऱ्या अक्षरांभोवती चक्क धुरकट कडा दिसते. हे देवनागरीत तपासणं सोपं आहे: ब्राइटनेस बेतल्यावर एकच परिच्छेद दोन्ही मोडमध्ये उघडा आणि अनुस्वार, रफार, ‘क्र’मधली तिरपी रेघ पाहा. डार्कमध्ये अनुस्वार शेजारच्या मात्रेत मिसळत असेल तर लांबलचक वाचनासाठी लाइट मोड घ्या. नीट बेतलेल्या ब्राइटनेसवर तो टोचत नाही. दिवा लावणं शक्यच नसेल तर डार्क ठेवा, पण काळ्याकुट्टावर शुभ्र नको: पार्श्वभूमी `#121212` च्या आसपास, अक्षरं `#D0D0D0`, आणि आकार एक पायरी मोठा. एडिटर काळा आणि ब्राउझर पांढरा ही खिचडी सर्वांत वाईट.

एवढं करूनही ब्राइटनेस कमी केल्यावर डोकं जास्त दुखू लागलं तर पडदा लुकलुकतोय का ते बघा. काही पडदे, विशेषतः ओलेड, उजेड कमी करण्यासाठी तो फार वेगाने चालू-बंद करतात. फोनच्या कॅमेऱ्यात शटर १/१००० वर ठेवून पांढऱ्या पानाकडे धरा. कमी ब्राइटनेसवर जाड काळे पट्टे दिसले आणि वाढवल्यावर ते विरले, तर तोच प्रकार आहे. मग ब्राइटनेस पट्टे जातील इतका वर ठेवायचा आणि पडदा सॉफ्टवेअरने गडद करायचा.

चुरचुरणं मात्र बऱ्याचदा कोरडेपणाचं असतं. स्क्रीनकडे बघताना पापण्या नेहमीपेक्षा खूपच कमी लवतात, आणि त्याला कोणतंच सेटिंग नाही. पंखा किंवा एसीचा झोत चेहऱ्यावर येत असेल तर तो आधी वळवा. महिनाभरात फरक पडला नाही तर नंबर तपासून घ्या. जाण्याआधी डोळ्यांपासून लॅपटॉप आणि मॉनिटर किती सेंटिमीटरवर आहेत ते टेपने मोजा आणि दोन्ही आकडे डॉक्टरांना सांगा. नंबर सहसा लांबच्या आणि पुस्तकाच्या अंतरावर तपासला जातो, मॉनिटर या दोन्हींच्या मध्ये असतो.