घर दादाकडे, सोनं ताईकडे: वाटणीचा हिशोब कसा मांडायचा

"आईवडिलांचं घर दादा ठेवणार आहे. आम्हाला म्हणतो, तुम्ही पैसे घ्या, नाहीतर आईचं सोनं घ्या. नक्की किती मागायचं? आणि मागितलं तर माहेर राहील का?"

थोड्याफार फरकाने हे वाक्य समुपदेशनाच्या खोलीत सतत ऐकू येतं. कधी बहीण विचारते, कधी परगावी असलेला धाकटा भाऊ. घरात राहणारा दादाही विचारतो, फक्त त्याचं वाक्य वेगळं असतं: "इतकी वर्षं मी सगळं केलं, आता हे हिशोब मागतात."

कौटुंबिक समुपदेशनात एक विचारधारा आहे. ती म्हणते की प्रत्येक घरात कुणी कुणासाठी काय केलं याचा न लिहिलेला जमाखर्च चालू असतो आणि वाटणीच्या वेळी तो एकदम बाहेर येतो. मी याच विचाराने काम करते. म्हणून भावंडं पहिल्यांदा एकत्र बसतात तेव्हा मी रकमेवर बोलू देत नाही. आधी तीन वेगळी पानं करायला लावते. एकावर वारसा, दुसऱ्यावर खिशातून झालेला खर्च, तिसऱ्यावर सेवा. भांडणं बहुतेक वेळा ही पानं एकमेकांत मिसळल्यामुळे होतात.

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक घर सांगते. कोल्हापूरच्या जुन्या पेठेतलं दुमजली घर, वडिलांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं. मृत्युपत्र नाही. वडील आधी गेले, तेव्हा आई आणि तीन मुलं असे चार समान वाटे झाले. मग आई गेली आणि तिचा चौथा हिस्सा तिघांत वाटला गेला. म्हणजे दादा, ताई आणि धाकटा यांचा प्रत्येकी एक तृतीयांश. ताईचं लग्न झालेलं आहे, याने तिचा वाटा तसूभरही कमी होत नाही. आईचे दागिने आईचेच होते, त्यामुळे त्यांचेही तीन समान वाटे. ताईला लग्नात घातलेलं सोनं मात्र तेव्हाच ताईचं झालं होतं. ते या हिशोबात येत नाही. दादा ते धरू पाहत होता.

घराची किंमत ठरवताना पहिला घोळ झाला. दादाने रेडी रेकनरचा आकडा आणला होता. तो दर मुद्रांक शुल्कासाठी असतो आणि प्रत्यक्ष बाजारभाव त्याच्या वर किंवा खाली असू शकतो. शेजारचं घर "एक कोटी दहाला गेलं" ही धाकट्याची ऐकीव माहितीही चालणार नव्हती. दोन नोंदणीकृत मूल्यांककांकडून अहवाल घेतले, एक दादाच्या पसंतीचा आणि एक बाकीच्या दोघांच्या. ८८ लाख आणि ९२ लाख आले. ९० लाख धरायचे ठरले आणि अहवालांची तारीख हीच सगळ्या हिशोबाची तारीख मानली. ही एक तारीख फार महत्त्वाची असते. घराची किंमत गेल्या वर्षीची आणि सोन्याचा भाव आजचा धरला की कुणावर तरी अन्याय होतोच.

सोन्याचं प्रकरण जास्त नाजूक. आईच्या हस्ताक्षरातल्या यादीत "बावीस तोळे" लिहिलेलं होतं. दादाने ते २२० ग्रॅम धरले. ताई म्हणाली, २५६. दोघांचंही गणित बरोबर होतं, कारण जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा आणि आजच्या सराफी व्यवहारातला १० ग्रॅमचा. यादी जुनी होती. तिघांच्या समोर वजन केलं तेव्हा २५६ ग्रॅमच भरलं, पण ते एकूण वजन होतं. कोल्हापुरी साज आणि बोरमाळ यांत लाख भरलेली असते, शिवाय मणी आणि दोरा. ते वजा केल्यावर २३६ ग्रॅम उरले. काही दागिने २२ कॅरेटपेक्षा कमी शुद्धतेचे निघाले. सगळं २२ कॅरेटच्या मापात आणलं तेव्हा २३० ग्रॅम झालं. सराफाकडचं कॅरेट मोजण्याचं यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं, म्हणून डाग दिलेल्या आणि लाख भरलेल्या दागिन्यांसाठी दुसऱ्या सराफाचं मतही घेतलं. भाव ठरलेल्या तारखेचा, घडणावळ आणि जीएसटी न धरता. या हिशोबात तो ग्रॅमला १२,००० रुपये धरला होता.

आता खर्चाचं पान. वडिलांनंतर आईचं आजारपण आणि गच्चीची दुरुस्ती यांवर दादाने स्वतःचे ६ लाख घातले होते. बिलं होती, बँकेच्या नोंदी होत्या. दादाने आणलेल्या कागदावर त्याने हे ६ लाख ताईच्या रकमेतूनही वजा केले होते आणि धाकट्याच्याही.

"म्हणजे तुम्ही घातले सहा आणि परत घेताय बारा," मी म्हटलं.

तो बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. "पण खर्च तर मी एकट्याने केला ना?"

"केलात. म्हणून सहाही लाख आधी एकूण मालमत्तेतून तुम्हाला परत मिळायला हवेत. पण मुलगा म्हणून त्यातला तिसरा हिस्सा तुमचाही होता. ताईंचे दोन, धाकट्याचे दोन, तुमचे दोन."

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की आता कागद हातात आला की आधी तीच शोधते. लबाडी क्वचितच असते. ज्याला वाटतं की आपल्या कष्टांची कुणी दखल घेतली नाही, तो नकळत ती दखल आकड्यांत वसूल करायला लागतो. दादाला जास्तीचे पैसे हवे नव्हते. त्याला कुणीतरी "तू केलंस" म्हणायला हवं होतं.

म्हणून तिसरं पान काढलं. सेवेचं. त्यावर रुपये लिहायचे नाहीत, फक्त कुणी काय केलं ते लिहायचं, आणि तेही दुसऱ्याने. दादाच्या पानावर ताईने लिहायचं, ताईच्या पानावर दादाने. ताईने लिहिलं: "शेवटची चार वर्षं रात्रीची उठबस वहिनीने केली. मी सणाला यायचे आणि आईला गोड खायला घालून जायचे. साखर वाढली की निस्तरायची वहिनीने."

वहिनी तोवर एक शब्द बोलली नव्हती. ती रडायला लागली. ताई म्हणाली, "दादा, आईच्या पाटल्या वहिनीला दे. त्या वजनात धरू नका." धाकटा लगेच हो म्हणाला. पाटल्या ३० ग्रॅमच्या होत्या. हिशोबात उरलं २०० ग्रॅम, म्हणजे २४ लाखांचं सोनं. त्या पाटल्यांनंतर दादाने एकाही आकड्यावर वाद घातला नाही. सेवेची परतफेड वारशातून कापून घेतली तर ती दंडासारखी लागते. तीच वेगळी, नाव घेऊन दिली की घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला दोघांनाही मोकळं करते, हे मला अशा बैठकांनीच शिकवलं.

मग हिशोब सरळ झाला. घर ९० आणि सोनं २४, मिळून ११४ लाख. त्यातून दादाचे ६ वजा केले, उरले १०८. प्रत्येकाचे ३६ लाख. ताईने सगळं सोनं घेतलं, म्हणून तिला रोख १२ लाख. धाकट्याने काहीच वस्तू घेतली नाही, त्याला ३६ लाख. दादाने द्यायचे एकूण ४८ लाख. ताळा असा: ९० लाखांच्या घरातून ४८ दिल्यावर त्याच्याकडे ४२ राहतात, म्हणजे ३६ चा वाटा आणि ६ चा खर्च.

आकडा समोर येताच ताई म्हणाली, "मला ते बारा लाख नकोत. माहेर राहिलं म्हणजे झालं."

हे वाक्य मी लगेच मान्य करत नाही. आकडा नीट समजून घ्यायच्या आधी "मला काही नको" म्हणणाऱ्या बहिणी काही वर्षांनी, स्वतःच्या मुलीच्या शिक्षणाच्या वेळी किंवा दादाने घर विकल्यावर, आतून धुमसत येतात. सोडायचं असेल तर किती सोडतोय ते कागदावर वाचून, घरी जाऊन, काही आठवड्यांनी सोडावं. ताईला विचारलं, "दादाने दोन वर्षांत हे घर विकलं तर तुम्हाला काय वाटेल?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "राग येईल." तिने १२ लाख घेतले. आणि त्याच उत्तरातून एक अट जन्माला आली: तीन वर्षांच्या आत घर ९० लाखांपेक्षा जास्तीला विकलं तर विक्रीचा आणि कराचा खर्च वजा करून वरची रक्कम तिघांत समान. तशीच उलट बाजूही लिहिली: सोनं चढलं किंवा उतरलं तरी त्याचा हिशोब पुन्हा उघडायचा नाही.

पैसे आणि सह्या यांचा क्रम इथे अनेक घरं चुकतात. बँक म्हणते, घर एकट्याच्या नावावर असेल तरच कर्ज. भावंडं म्हणतात, पैसे हातात आल्याशिवाय सही नाही. दोघांचंही बरोबर असतं. उपाय असा की आधी तिघांनी अटी लिहून सह्या करायच्या, तो कागद दाखवून दादाने कर्ज मंजूर करून घ्यायचं आणि हक्कसोडपत्राच्या नोंदणीच्या दिवशीच भावंडांच्या नावाचे डिमांड ड्राफ्ट द्यायचे. दादाने २५ लाखांचं कर्ज आणि ११ लाखांच्या ठेवी अशी ३६ लाखांची सोय केली. ताईचे १२ पूर्ण आणि धाकट्याचे २४ त्याच दिवशी दिले. धाकट्याचे उरलेले १२ लाख दर सहा महिन्यांनी ३ लाख, वर बँकेच्या मुदत ठेवीइतकं व्याज. बाकी किती, कधी आणि चुकली तर काय, हे नोंदणीच्या दस्तातच लिहून घ्यावं.

"विनामोबदला, प्रेमापोटी हक्क सोडला" असं दस्तात लिहून पैसे बाजूने द्यायचा सल्ला हमखास मिळतो, कारण त्यात मुद्रांक शुल्क वाचतं. तो ऐकू नये. पैसे आले नाहीत तर दस्तच तुमच्या विरुद्ध पुरावा ठरतो, आणि आले तर ते कशाचे हे आयकर खात्याला सांगता येत नाही. मोबदला लिहिल्यावर शुल्क किती लागेल ते आधी कळावं म्हणून मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी देता येतो. मोबदला घेऊन हक्क सोडणाऱ्याला भांडवली नफ्यावर कर लागू शकतो. खऱ्या कौटुंबिक तडजोडीला न्यायालयांनी अनेकदा हस्तांतरण मानलेलं नाही, पण त्यासाठी कागदाची भाषा आधीपासून तशी असावी लागते. म्हणून वकील आणि सीए दोघांनी एकच मसुदा एकाच वेळी वाचलेला बरा. रक्कम बँकेतूनच द्यावी. स्थावर मालमत्तेपोटी २० हजार किंवा अधिक रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो.

नोंदणी न झालेल्या हक्कसोडपत्राने घराचा हक्क जात नाही आणि येतही नाही, मग सह्या कितीही असोत. नोंदणीनंतर दादाने सिटी सर्व्हे कार्यालयात मिळकत पत्रिकेवरची नावं बदलून घ्यायची, मग घरपट्टी. ताईने सोनं घेताना दागिन्यागणिक निव्वळ वजन आणि शुद्धता लिहिलेली पावती दिली, तिघांच्या सह्यांसह, पाटल्यांची नोंद वेगळ्या ओळीत वहिनीच्या नावाने.