जुना ब्रँड, नवं पाकीट: इतिहास कुठे ठेवायचा आणि कुठे नाही

प्रश्न: आजोबांनी १९४८ मध्ये गिरगावात सुरू केलेला मसाल्यांचा व्यवसाय आता मी आणि बहीण बघतो. कारखाना वसईला आहे, गोडा मसाला आणि मेतकूट सर्वात जास्त खपतं. नवीन पाकिटासाठी एजन्सीने आजोबांचा जुना फोटो, तपकिरी रंग आणि मोठ्या अक्षरांत ‘१९४८ पासून’ असं सुचवलंय. बहीण म्हणते, अशाने आपण फक्त आज्यांचा ब्रँड होऊ, सगळंच नवं करूया. इतिहास वापरावा की नाही, आणि वापरला तर कसा?

उत्तर:

एजन्सीचं डिझाइन जुनाट वाटणार, हे बहिणीचं म्हणणं मला पटतं. सगळं नवं करावं हे मात्र पटत नाही. तपकिरी फोटो, नक्षीची चौकट, वाड्याचा दरवाजा या गोष्टी तुमच्या नाहीत. त्या कोणीही वापरू शकतो, आणि परवा सुरू झालेले मसालेवालेसुद्धा वापरतात. उसना जुनेपणा अंगावर घेतला की ब्रँड म्हातारा दिसतो. तुमचा स्वतःचा, तपशिलासकट सांगता येणारा इतिहास म्हातारा दिसत नाही, कारण तो आजच्या मालाबद्दल काहीतरी सांगत असतो.

म्हणून डिझाइन थोडं थांबवा आणि आधी घरातलं कपाट उघडा. जुनी लेबलं, दरपत्रकं, जमाखर्चाच्या वह्या, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींची कात्रणं, कृतीची वही, जे सापडेल ते बाहेर काढा आणि तारखेसकट स्कॅन करा. मग त्यातल्या प्रत्येक गोष्टीला तीन प्रश्न विचारा. याचा पुरावा आहे का? हे आजच्या मालातही खरं आहे का? आणि गिऱ्हाइकाला यातून काही मिळतं का? तिन्ही उत्तरं ‘हो’ असतील तीच गोष्ट पाकिटाच्या दर्शनी बाजूवर जाते.

गोडा मसालाच घेऊ. समजा कुटुंबात सांगतात की आजोबा मसाला डंकावर कुटून घ्यायचे. पुरावा असेलही, पण आज वसईला तुम्ही पल्व्हरायझर वापरत असाल तर दुसऱ्याच प्रश्नाला गोष्ट अडते. पाकिटावर डंकाचं चित्र छापलंत तर ते गिऱ्हाइकाला आजच्या मालाबद्दल चुकीचं सांगतं. समजा आजोबांनी चाळीतल्या लोकांसाठी वाचनालय काढलं होतं. खरं आहे, अभिमानाचंही आहे, पण आमटी करणाऱ्या बाईला त्याचा उपयोग नाही. ते वेबसाइटवरच्या ‘आमच्याबद्दल’मध्ये शोभेल.

आता कृतीच्या वहीत बघा. धणे, तीळ, सुकं खोबरं, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र हे सगळं वेगवेगळं भाजायचं असं लिहिलेलं असेल, आणि तुम्ही आजही तसंच करत असाल, तर खजिना हाच. कारण त्यामागे ठोस कारण आहे: धण्यांना वेळ लागतो आणि दगडफूल पटकन करपतं. दोन्ही एकत्र टाकली तर एक कच्चं राहतं किंवा दुसरं कडू होतं. पावशेर मसाला घरी भाजून बघितलेल्या कोणालाही हे समजतं, आणि कधीच न भाजलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलीला ते वाचायला आवडतं. तेव्हा ‘परंपरेची चव, १९४८ पासून’ याऐवजी ‘प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतो. १९४८ पासून असाच.’ असं लिहा. साल तेच आहे, पण आता ते एका कामाला बांधलेलं आहे. आधीच्या ओळीत ते नुसतं वय सांगत होतं. साल मोठं छापायची गरज नाही, नावाखाली बारीक अक्षरांत पुरे. मोठी अक्षरं भाजण्याच्या ओळीला द्या.

कृती मधल्या काळात बदलली असेल तर मात्र शब्द जपून वापरा. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांबद्दल एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८ चे नियम आहेत. त्यांत ‘ट्रॅडिशनल’, ‘ओरिजिनल’, ‘ऑथेंटिक’ असे शब्द कधी वापरता येतात हे सांगितलेलं आहे. ढोबळमानाने ‘पारंपरिक’ म्हणायचं तर कृती पिढ्यानपिढ्या चालत आलेली आणि त्या काळात मूलतः न बदललेली हवी, आणि ते दाखवता आलं पाहिजे. असा शब्द तुमच्या ब्रँडच्या नावातच असेल आणि त्याने दिशाभूल होण्याजोगी असेल, तर हे फक्त नाव आहे, पदार्थाचं वर्णन नव्हे, अशी सूचना छापावी लागते. खोबऱ्याचं प्रमाण कमी करून मसाला लवकर खवट होऊ नये अशी सोय कोणी मधल्या पिढीत केली असेल तर ‘आजोबांचीच कृती’ हे वाक्य टाळा. ‘भाजण्याची पद्धत तीच’ हे खरं असेल तर तेवढंच म्हणा. अर्धं पण पक्कं वाक्य जास्त टिकतं.

आता पाकिटाच्या दिसण्याकडे येऊ. बहिणीचा ‘सगळं नवं’चा आग्रह इथे महागात पडू शकतो. २००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकानाने संत्र्यात स्ट्रॉ खोचलेलं आपलं ओळखीचं चित्र खोक्यावरून काढलं. विक्री इतकी घसरली की दोन महिन्यांच्या आत जुनं खोकं परत आणावं लागलं. रस तोच होता. लोकांना दुकानातल्या फळीवर तो सापडेना.

उलट बाजूने आपल्या विलेपार्ल्याचं उदाहरण बघा. पार्ले ग्लुको हे नाव १९८०च्या दशकात पार्ले-जी झालं, कारण ‘ग्लुकोज बिस्किट’ म्हणून बाजारात इतरांचा बराच माल आला होता. पुढे मेणकागद जाऊन प्लास्टिक आलं. नाव आणि कागद दोन्ही बदलले, पण पिवळे पट्टे आणि ती लहान मुलगी राहिली. गोदरेजने २००८ मध्ये बोधचिन्हाला हिरवा, निळा, माणिक-लाल असे नवे रंग दिले, पण सहीसारख्या वळणाचं नाव तसंच ठेवलं. दोघांनीही ओळखीच्या खुणा धरून ठेवल्या आणि त्यांच्याभोवतीचं बाकीचं बदललं.

तुमच्या खुणा कोणत्या, हे ऑफिसात बसून ठरवू नका. वीस-पंचवीस जुनी गिऱ्हाइकं आणि सात-आठ दुकानदार निवडा. प्रत्येकाला कोरा कागद आणि रंगीत पेन्सिली द्या आणि समोर पाकीट न ठेवता ते आठवून काढायला सांगा. चित्र कसं येतं याला महत्त्व नाही. बहुतेकांच्या कागदावर काय काय परत येतं ते बघा: लाल रंग, पिवळा लंबगोल, एखादं चित्र, अक्षरांची ठेवण. परत परत येतात त्या दोन-तीन गोष्टींना हात लावायचा नाही. जे कोणाच्याच कागदावर आलं नाही ते बिनधास्त काढा, मग ते घरच्यांना कितीही प्रिय असो. बऱ्याच ठिकाणी संस्थापकांचा फोटो याच यादीत जातो, आणि घरात तेवढ्यावरूनच वाद होतो. त्या वेळी हे कागद टेबलावर ठेवा.

उरलेल्या खुणा मग आजच्या हातांनी नीट काढून घ्या. जुनं लेबल शिळाप्रेसचं किंवा ब्लॉकचं असेल तर रेषा पसरलेल्या असतात. त्या मोबाइलवर किराणा ॲपच्या चिमुकल्या चौकोनात चिखलासारख्या दिसतात. समजा पिवळा लंबगोल तुमची खूण निघाली, तर तो ठेवा, पण आतली बारीक नक्षी कमी करा, रंग एकसारखा छापला जाईल असा पक्का करा आणि पाकीट अंगठ्याएवढं करून ओळखू येतं का ते बघा. मागची बाजू पूर्णपणे आजची असू द्या: किती आमटीला किती चमचे, उघडल्यावर कसं ठेवायचं, मराठीत आणि इंग्रजीत. तिथे जुनेपणाचा लवलेशही नको. नव्या घरातल्या माणसाला मसाला वापरता आला, तरच तो दुसरं पाकीट घेतो.

एक काम आजच करा. जुनं एखादं चिन्ह परत आणायचं असेल तर त्याची नोंदणी चालू आहे का ते वकिलाकडून तपासा. ट्रेडमार्कच्या नोंदणीचं दर दहा वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. नोंदलेलं चिन्ह पाच वर्षांहून जास्त काळ सलग वापरात नसेल, तर ते रद्द करण्यासाठी दुसरा कोणी अर्ज करू शकतो. आणि मराठी व्यवसायांत वाटण्या झालेल्या असतात. चुलतभावांचं दुकानही तेच आडनाव आणि तेच १९४८ साल सांगत असेल, तर छपाईआधी त्यांच्याशी लेखी ठरवा. अशा भांडणात जुनी बिलं, लेबलं आणि जाहिराती हा तुम्ही आधीपासून नाव वापरत असल्याचा पुरावा ठरतो. कपाट नीट लावायला मी आधी सांगितलं, त्याचं हेही एक कारण.

नवं पाकीट आणताना कृतीला त्याच वेळी हात लावू नका. परळच्या एका मसालेवाल्यांकडे पाकीट आणि मिरचीचा वाण एकाच महिन्यात बदलले. ‘चव बदलली’ अशा तक्रारी आल्या, तेव्हा लोक मिरचीबद्दल बोलताहेत की पाकिटाकडे बघून तसं वाटतंय, हे शोधायला काही मार्गच उरला नाही. तुम्ही आधी फक्त गोड्या मसाल्याचं पाकीट बदला, आणि तेही दादर ते लालबाग एवढ्याच पट्ट्यात. तीन महिने दुकानदारांकडून दोन गोष्टी लिहून घ्या: ‘जुनं पाकीट नाही का?’ असं किती जण विचारतात आणि दुकानदार माल पुन्हा किती दिवसांनी मागवतो. पहिल्या काही आठवड्यांत विचारणा होणारच. ती कमी होत गेली आणि मागणी जुन्या वेगाने येत राहिली तर खुणा बरोबर राखल्या गेल्या. विचारणा वाढतच राहिली तर कुठली तरी खूण हरवली आहे, कागदांवरची चित्रं पुन्हा बघा.

तरुण गिऱ्हाइकाचं उत्तर मात्र एवढ्याने मिळत नाही. जुनं नाव त्याला पहिलं पाकीट विश्वासाने उचलायला मदत करतं, त्यापुढे नाही. अर्धा किलोचं पाकीट तो घेत नाही, त्याचं घर दोघांचं आहे. पन्नास ग्रॅमचं, पुन्हा बंद होणारं पाकीट काढा. उद्या झटपट आमटीचं मिश्रण काढलंत तर त्यावर १९४८ अजिबात नको, कारण ते मिश्रण तेव्हा नव्हतं. तिथे फक्त तुमचं नाव, लंबगोल आणि ‘आमच्या गोड्या मसाल्यात केलेलं’ एवढं लिहा.

आजोबांचा फोटो गिरगावच्या दुकानात गल्ल्यामागे राहू द्या, आणि एजन्सीला कृतीच्या वहीतलं ते पान पाठवा.