रिफ माझा, पण क्रेडिट फक्त गायकाचं

प्रश्न : आमचा रॉक बँड आहे, मी लीड गिटार वाजवतो. एका गाण्याचा सुरुवातीचा रिफ मी बसवला, लोक गाणं त्यावरूनच ओळखतात. रेकॉर्डिंगवर वादक म्हणून माझं नाव आहे, पण गीत-संगीत फक्त आमच्या गायकाच्या नावावर. आता दुसऱ्या बँडने ते कव्हर केलं आणि मला काहीच मिळालं नाही. माझा हक्क बनतो का?

उत्तर : बनू शकतो, पण आधी पैसे कुठून येतात ते बघा. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक रचनेचा म्हणजे चाल आणि शब्द, दुसरा तुम्ही केलेल्या त्या रेकॉर्डिंगचा. तुमचं रेकॉर्डिंग वाजलं तर वादक म्हणून तुम्हाला वाटा मिळू शकतो, पण कव्हरमध्ये तुमचं रेकॉर्डिंग वापरलेलंच नसतं, फक्त रचना वापरलेली असते, त्यामुळे पैसे रचनाकाराला जातात. अमेरिकेत तर साध्या एएम-एफएम रेडिओवर मूळ रेकॉर्डिंग वाजलं तरी वादकांना काही मिळत नाही, रचनाकाराला मिळतं. म्हणूनच एकत्र घाम गाळलेले बँड या एका ओळीच्या क्रेडिटवरून फुटतात.

आता रिफ म्हणजे रचना की नुसतं वादन? इंग्लंडमधल्या दोन केस बघा. स्पँडाऊ बॅले या बँडच्या सदस्यांनी त्यांची गाणी लिहिणाऱ्या गॅरी केम्पवर दावा लावला आणि 1999 मध्ये ते हरले, कारण केम्प गाणी जवळपास तयार करून आणायचा आणि बाकीच्यांनी ती चांगली वाजवली, असं कोर्टाला वाटलं. उलट प्रोकोल हॅरमच्या 1967 च्या ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’मधली ऑर्गनची धून मॅथ्यू फिशरची, ती गायकाच्या मूळ चालीपेक्षा वेगळी आणि महत्त्वाची ठरली, म्हणून त्याला संगीताच्या हक्कात 40 टक्के मिळाले. शब्दांत नाही, फक्त संगीतात. म्हणजे शब्द-संगीत निम्मं-निम्मं धरलं तर पूर्ण गाण्याचे 20.

तर तुमच्या गायकाने आणलेला पहिला डेमो शोधा. त्यात रिफ नसेल आणि तुमच्या फोनमध्ये त्याची तारखेसकट व्हॉइस नोट असेल तर तुमची बाजू खूप मजबूत होते. कव्हरवाल्यांनीही तो रिफ तसाच ठेवला असेल तर तो गाण्याचाच भाग आहे हे सांगायला अजून एक मुद्दा मिळतो. पण डेमोतच तो रिफ असेल आणि तुम्ही फक्त धारदार वाजवला असेल तर मी तुम्हाला दावा लावायला सांगणार नाही.

आणि प्लीज थांबू नका. फिशरने 38 वर्षं वाट बघितली, शेवटी 2009 मध्ये जिंकला पण पैसे 2005 ला दावा केला तेव्हापासूनचेच मिळाले, मधली सगळी वर्षं गेली. अमेरिकेत तर तुमची मालकी स्पष्ट नाकारली गेल्यापासून तीन वर्षांत दावा करावा लागतो. म्हणून आजच गायकाला लेखी कळवा की संगीतात तुमचा वाटा आहे, किती टक्के मागताय ते लिहा, आणि तो मान्य झाला तर सगळ्यांच्या सह्यांचा स्प्लिट शीट, म्हणजे कोणाचा किती वाटा ते लिहिलेला कागद, करून रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे नोंद बदलून घ्या, कारण नोंद बदलेपर्यंत पैसे जुन्याच नावावर जात राहतील.