मोबाइलवर फोटो काढणाऱ्यासाठी बुटका पण भक्कम ट्रायपॉड

प्रश्न: माझ्या धाकट्या मावसभावाला फोटोग्राफीचं फार वेड आहे, पण कॅमेरा नाही, सगळं मोबाइलवरच. मुंबईत राहतो, संध्याकाळी समुद्रावर फोटो काढत फिरतो. वाढदिवसाला पंधराशे रुपयांपर्यंत असं काय देऊ की त्याचे फोटो खरंच सुधारतील? लेन्स घेऊ, रिंग लाइट घेऊ की आणखी काही?

उत्तर: वीतभर उंचीचा, जड, बॉल हेड म्हणजे मोबाइल हव्या त्या बाजूला झुकवून घट्ट करता येणारं गोल डोकं असलेला टेबल ट्रायपॉड आणि धातूचा मोबाइल होल्डर द्या. लेन्स नको, रिंग लाइटही नको. पण दुकानात जाण्याआधी एक काम करा. भाऊ घरी आला की त्याच्याच मोबाइलवर त्याचे न जमलेले फोटो उघडा. गॅलरीत फोटो वर सरकवला किंवा ‘तपशील’वर गेलात की खाली दोन आकडे दिसतात, आयएसओ आणि शटरची वेळ. आयएसओ म्हणजे फोन मिळालेला उजेड किती वाढवून दाखवतो, आणि शटरची वेळ म्हणजे उजेड किती सेकंद आत घेतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत हे आकडे उरत नाहीत, म्हणून मूळ फोटोच बघायला हवा.

संध्याकाळच्या फोटोंवर आयएसओ ८००, शटर १/१५ सेकंद अशा धर्तीचे आकडे असतील तर ट्रायपॉड हीच योग्य भेट. फोटो भर दुपारचे आहेत, आयएसओ ५० आणि शटर १/५०० आहे आणि तरीही ते आवडत नाहीत, तर ट्रायपॉडने काहीही बदलणार नाही. तिथे अडचण उजेडाची दिशा आणि चौकट यांची आहे. तुम्ही ‘संध्याकाळी समुद्रावर’ असं लिहिलंय, म्हणून मी पहिली शक्यता धरून पुढे लिहितो.

या दोन आकड्यांत होतं काय, ते थोडक्यात सांगतो. मोबाइलच्या मुख्य कॅमेऱ्यात उजेड आत येण्याचं छिद्र बहुतेक फोनमध्ये कायम एकाच मापाचं असतं. उजेड कमी झाला की फोनच्या हातात दोनच गोष्टी उरतात: शटर जास्त वेळ उघडं ठेवणं किंवा आयएसओ वाढवणं. फोन हातात धरलाय हे त्याला कळतं, त्यामुळे शटर फार लांबवायची त्याची हिंमत होत नाही आणि तो आयएसओ चढवतो. आयएसओ चढला की दाणे येतात, आणि ते दाणे पुसायला फोनचं सॉफ्टवेअर बसलं की इमारतींच्या खिडक्या, पाण्यावरची नक्षी, झाडांची पानंही सोबत पुसली जातात. मोठं करून पाहिल्यावर ओला रंग पसरल्यासारखा जो भाग दिसतो, तो यातूनच आलेला असतो.

आता हिशोब बघा. आयएसओ ८०० वरून ५० वर आणला की उजेड सोळा पटींनी कमी धरला जातो. तो भरून काढायला शटर सोळापट वेळ उघडं ठेवावं लागतं, म्हणजे १/१५ सेकंदाऐवजी साधारण एक सेकंद. फोटोचा उजळपणा तोच, पण दाणे जवळजवळ नाहीत आणि खिडक्या जागेवर. एक सेकंद हात स्थिर ठेवणं मात्र माणसाला जमत नाही. तुमचे पैसे नेमके या एका सेकंदासाठी खर्च होणार आहेत.

मरीन ड्राइव्हचं उदाहरण घेतो, कारण तिथला कट्टा म्हणजे आयताच मिळालेला भक्कम स्टँड आहे. नरिमन पॉइंटच्या टोकाला कट्ट्यावर ट्रायपॉड ठेवायचा, तोंड मलबार हिलकडे. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. त्यानंतर वीस मिनिटांनी दिवे लागलेले असतात आणि आभाळात अजून निळा उजेड शिल्लक असतो. फोटो तेव्हा काढायचा, पुरता काळोख पडल्यावर नाही. मोबाइल आडवा, मुख्य कॅमेरा म्हणजे १×, कारण अल्ट्रावाइडचा सेन्सर सहसा लहान असतो आणि कमी उजेडात तो लगेच उघडा पडतो. प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे हे आकडे आपण स्वतः ठरवतो तिथे, आयएसओ ५०, शटर एक सेकंद, फोकस लांबच्या इमारतींवर, आणि टायमर दोन किंवा तीन सेकंदांचा. टायमर विसरला तर बोट लागल्याचा धक्काच फोटोत उतरतो.

पहिला फोटो आला की तो मोठा करून रस्त्याचे दिवे बघायचे. दिवे एकेक सुटे दिसत असतील तर ठीक. सगळे मिळून एक पांढरा पट्टा झाला असेल तर शटर अर्ध्या सेकंदावर आणायचं, तरीही नाही भागलं तर पाव सेकंदावर. आभाळ काळवंडत जातं तसं दर पाच मिनिटांनी हे पुन्हा तपासावं लागतं.

प्रो मोड नसेल, आयफोनच्या कॅमेऱ्यात तो नसतोच, तर नाइट मोड चालतो. फोन हातात असताना स्क्रीनवर एक ते तीन सेकंद असा आकडा दिसतो. तोच फोन ट्रायपॉडवर स्थिर झाला की आकडा वाढवायची मुभा मिळते, आणि अंधार पुरेसा असेल तर आयफोनमध्ये ती ३० सेकंदांपर्यंत जाते. ट्रायपॉड खरंच स्थिर आहे की नाही याची ही फुकटची परीक्षाही आहे: आकडा वाढतच नसेल तर फोन कुठेतरी हलतोय.

एक मर्यादा भावाला आधीच सांगा. रस्त्यावरच्या गाड्यांच्या दिव्यांच्या लांब लाल रेघा साध्या प्रो मोडमध्ये मिळणं अवघड आहे. त्यासाठी चार-आठ सेकंद शटर उघडं लागतं, आणि छिद्र लहान करता येत नसल्याने तेवढ्या वेळात आख्खा रस्ता पांढराफटक होतो. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून नंतर ‘लाँग एक्स्पोजर’ निवडता येतं, काही अँड्रॉइड फोनमध्ये लाइट ट्रेलचा वेगळा मोड असतो. दोन्ही ठिकाणी फोन अनेक चित्रं एकावर एक रचतो. ट्रायपॉड तिथेही हवाच.

आता खरेदी. पाच फुटी, चकचकीत, पिशवीसकट मिळणारा ट्रायपॉड त्याच पैशांत मिळेल आणि दुकानदार तोच पुढे करेल. घेऊ नका. या किमतीत उंची मिळते ती काडीसारख्या पायांची, आणि मरीन ड्राइव्ह असो की बँडस्टँड, समुद्राचा वारा त्याला सतत थरथरत ठेवतो. शिवाय संध्याकाळच्या लोकलमध्ये तो घेऊन चढणं हा त्रासच. आपल्याकडे कट्टे, कठडे, जिन्याच्या पायऱ्या, गच्चीची भिंत हे सगळीकडे आहे. बुटका ट्रायपॉड त्यावर ठेवला की उंची आपोआप मिळते. वाकवता येणाऱ्या लवचिक पायांचाही मोह टाळा. स्वस्तातले पाय मोबाइलच्या वजनाने हळूहळू खाली बसतात, आणि एका सेकंदात दिसेल इतके बसतात.

फोर्टात सीएसएमटीजवळच्या बोरा बाझारात कॅमेऱ्याच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे प्रत्यक्ष हाताळून घ्या. ट्रायपॉडला साधारण सातशे ते हजार आणि होल्डरला अडीचशे ते चारशे धरून चाला. दुकानातच दोन परीक्षा करायच्या. पहिली: तुमचा मोबाइल होल्डरमध्ये अडकवा, कॅमेरा सुरू करून झूम पाचपट करा, समोरच्या पाटीवर रोखा आणि मोबाइलच्या वरच्या कडेला बोटाने हलकी टिचकी मारा. स्क्रीनवरची पाटी थरथरेल. एका सेकंदाच्या आत थांबली तर ट्रायपॉड चांगला, दोन-तीन सेकंद डुलत राहिली तर ठेवून द्या. दुसरी: मोबाइल उभा करून बॉल हेडचा स्क्रू घट्ट आवळा आणि अर्धा मिनिट नुसतं बघत राहा. चौकट खाली घसरत असेल तर ते हेड मोबाइलचं वजन पेलत नाही.

होल्डर स्प्रिंगचा नको, स्क्रूने आवळायचा घ्या. स्प्रिंगवाला होल्डर हमखास पॉवरच्या किंवा आवाजाच्या बटणावर दाबून बसतो. खाली पाव इंची स्क्रू बसतो ती आटे पाडलेली जागा धातूची आहे ना, ते बोट घालून बघा. प्लॅस्टिकचे आटे काही महिन्यांत झिजतात आणि मग मोबाइल गोल फिरायला लागतो. भावाच्या मोबाइलची कव्हरसकट रुंदी आधी मोजून न्या.

ब्लूटूथ रिमोट घेऊ नका, टायमर तेच काम करतो. ते पैसे होल्डरमध्ये घाला आणि चष्म्याचं मायक्रोफायबरचं फडकं सोबत द्या. मुंबईच्या दमट हवेत लेन्सवर बोटाचा तेलकट थर कायम असतो, आणि त्यामुळे बिघडलेला फोटो लोक हललेला समजतात. फरक ओळखता येतो. प्रत्येक दिव्याला एकाच दिशेने सारखीच छोटी शेपटी असेल तर फोन हललाय. इमारती स्पष्ट आणि माणसं धूसर असतील तर माणसं हललीत. दिव्यांभोवती धुरकट वलय किंवा आरपार जाणारी प्रकाशाची रेघ असेल तर लेन्स पुसायची राहिली आहे.

यातल्या दुसऱ्या प्रकारावर ट्रायपॉडचा काहीच इलाज नाही. धावणारी मुलं, घरातला कार्यक्रम, चालती माणसं यांच्यासाठी उजेडच वाढवावा लागतो. भावाचे बहुतेक फोटो माणसांचे असतील तर पंधराशे रुपयेही खर्चू नका. स्टेशनरीच्या दुकानातून मोठा पांढरा फोमबोर्ड आणा. खिडकीकडे एक गाल करून माणसाला बसवायचं आणि दुसऱ्या बाजूला हात-दीड हातावर बोर्ड धरायचा, म्हणजे सावलीतला गाल उजळतो. रिंग लाइट नको म्हणतो तो याचसाठी: समोरून सपाट उजेड पडतो, चेहऱ्याचा उठाव जातो आणि चष्म्यात, बुबुळात ते गोल कडं दिसत राहतं.

क्लिप लावायच्या लेन्सचंही सांगून टाकतो. हल्लीच्या मोबाइलला दोन-तीन कॅमेरे असतात; क्लिप एकावर बसते आणि झूम बदलला की फोन न सांगता दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातो. स्वस्त काचेत कडा विरघळतात आणि फांद्यांना जांभळी किनार येते. अपवाद मॅक्रोचा. फुलं, किडे, नाणी यांची आवड असेल तर तीन-चारशेची मॅक्रो क्लिप मजा देते, कारण तिथे मधला भागच महत्त्वाचा असतो.

देताना त्याला काही गोष्टी सांगा. स्टेशनच्या फलाटावर आणि नौदलाच्या हद्दीजवळ ट्रायपॉड बाहेर काढायचा नाही. इतरत्रही सुरक्षा रक्षकाने हटकलं तर वाद न घालता आवरायचं. आणि पावसाळ्यात भरतीच्या वेळी कट्ट्यापासून लांबच राहायचं, कट्ट्याखालच्या त्या चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर तर कधीच उतरायचं नाही. समुद्रावरून घरी आल्यावर ट्रायपॉड आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसायचा, पाय उघडे ठेवून रात्रभर सुकू द्यायचा. मीठ सांध्यात राहिलं की अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि बॉल हेड अडकायला लागतं.