फिल्टर धुतला, तरी एसीचा कुबट वास जात नाही?

आमचं घर सांगलीच्या मार्केट यार्डाजवळ आहे. हळदीच्या सीझनमध्ये फिल्टरवर पिवळट थर बसतो. ब्रशने घासला तर चालेल का?

ब्रश नको, जाळी सैल पडते. एमसीबी बंद करून पुढचं झाकण उचला, फिल्टर काढून अंगणात हलकेच झटका. मग नळाची धार जाळीच्या मागच्या बाजूने सोडा. समोरून सोडली तर पूड भोकांत आणखी रुतते. हळदीला तेलाचा अंश असतो, म्हणून अर्धी बादली कोमट पाण्यात चमचाभर भांड्यांचा लिक्विड साबण घालून फिल्टर दहा मिनिटं बुडवून ठेवा, मग खळबळून घ्या. वाळवायचा तो सावलीतच. उन्हात चौकट वाकते, फिल्टर खाचेत नीट बसत नाही आणि धूळ बाजूने आत शिरते. पिवळा डाग राहिला तर राहू द्या. उजेडासमोर धरल्यावर भोकं मोकळी दिसली की झालं. सीझनमध्ये दर पंधरा दिवसांनी धुवा, एरवी महिन्यातून एकदा.

फिल्टर लख्ख धुतला, तरी एसी लावला की पहिली पाच-दहा मिनिटं ओल्या फडक्यासारखा वास येतो. नंतर जातो. असं का?

हा वास फिल्टरचा नाही, आतल्या ओलीचा आहे. थंड कॉइलवर हवेतली वाफ पाणी होऊन साचते. एसी बंद केला की ती ओल आतच कोंडते आणि फिल्टरमधून निसटलेल्या धुळीवर बुरशी धरते. एमसीबी बंद ठेवून हवा बाहेर येते त्या फटीतून टॉर्च मारा. आतल्या लांबट गोल ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके किंवा चिकट काळा थर दिसला, तर वासाचं मूळ तिथेच आहे.

कॉइलपुरतं घरी करता येतं. फिल्टर काढून पत्र्यांवर एसी कॉइल क्लीनरचा फवारा वरून खाली मारा आणि डब्यावर सांगितलेला वेळ थांबा. उजवीकडे बहुधा सर्किट असतं, तिकडे फवारा जाऊ देऊ नका. फिनेल किंवा ब्लीच तर अजिबात नको, ब्लीच अॅल्युमिनियमचे पत्रे खातं. ब्लोअर मात्र मेकॅनिककडून जेट सर्व्हिसमध्येच धुऊन घ्या. काठीला फडकं बांधून पुसायला गेलं की पाती मोडतात, मग पंखा थरथरतो.

पुन्हा बुरशी धरू नये म्हणून एसी बंद करण्याआधी वीस-तीस मिनिटं नुसत्या फॅन मोडवर चालवा. पावसाळ्यात एसी कमी वेळ लागतो आणि ओल जास्त राहते, तेव्हा तर हे चुकवूच नका.

आमच्याकडे वास सतत येतो, गटारीसारखा.

मग आधी पाण्याची नळी पाहा. तिचं टोक बाथरूमच्या जाळीत किंवा गटारीत खुपसलेलं असेल, तर तिथलीच हवा नळीतून वर चढते. टोक वीतभर वर, मोकळं सोडा. एसी तासभर चालूनही नळीतून पाणी टपकत नसेल आणि आतल्या युनिटखालची भिंत ओली होत असेल, तर नळी शेवाळाने तुंबली आहे. ट्रेमध्ये कुजणारं ते पाणीही असाच वास मारतं. तेव्हा एसी बंद ठेवून नळी साफ करून घ्या.