गाडीच्या स्टिरिओत पेन ड्राइव्ह लावला की मराठी गाण्यांची नावं चौकोन-चौकोन दिसतात, नाव बदललं तरी जुनंच येतं, क्रमही उलटसुलट. पेन ड्राइव्ह नीट कसा भरायचा?

स्टिरिओ बहुतेक वेळा फाइलचं नाव दाखवतच नाही. एमपी३ फाइलच्या आत टॅग असतो, त्यातलं ‘टायटल’ तो दाखवतो. म्हणून बाहेरून नाव बदलून उपयोग होत नाही. नेटवरून उतरवलेल्या गाण्यांच्या टॅगमध्ये तर पुष्कळदा वेबसाइटचीच जाहिरात असते.

आमच्या शेजारच्या काकांनी तुळजापूरला जाण्यासाठी भक्तिगीतं भरून घेतली होती. ६४ जीबीचा ड्राइव्ह एक्सफॅट फॉरमॅटमध्ये होता, तो त्यांच्या स्टिरिओने ओळखलाच नाही. जुन्या स्टिरिओला फॅट३२ लागतं. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला तो पर्याय सहसा दिसत नाही, म्हणून सरळ ३२ जीबीचाच घ्या. चांगल्या दर्जाची अडीच हजारांच्या आसपास गाणी त्यात बसतात. फॉरमॅट करताना आतलं सगळं पुसलं जातं, आधी कॉपी काढून ठेवा.

आता नावांचं. आधी तीच फाइल कॉम्प्युटरवर `Mp3tag` या टॅग बदलण्याच्या प्रोग्राममध्ये उघडून बघा. तिथे मराठी नीट दिसतं आणि गाडीत चौकोन येतात, तर स्टिरिओमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. त्याला इलाज रोमन अक्षरांचाच. गाडीत `à¤` अशी अक्षरं येत असतील तर स्टिरिओ टॅग चुकीच्या पद्धतीने वाचतोय. आणि कॉम्प्युटरवरही `????` असेल तर मूळ नाव फाइलमधून गेलेलंच आहे, ते पुन्हा टाइप करावं लागणार.

काकांच्या बाबतीत चौकोनच होते. मी फाइलींना `01 - Kakad Aarti.mp3`, `02 - Bhupali.mp3` अशी नावं दिली. `Mp3tag` मध्ये Tools → Options → Tags → Mpeg इथे `ID3v2.3 ISO-8859-1` निवडलं. मग सगळ्या फाइली निवडून Convert → Filename - Tag मध्ये हे टाकलं:

```
%track% - %title%
```

एका झटक्यात सगळे टॅग बदलले. स्टिरिओला देवनागरी येत असेल तर मात्र `ID3v2.3 UTF-16` ठेवा, नाहीतर मराठीची प्रश्नचिन्हं होतील.

क्रमाचं कारण वेगळं. बरेच स्टिरिओ नावाप्रमाणे नाही, तर ज्या क्रमाने फाइली ड्राइव्हवर गेल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून ड्राइव्ह रिकामा करा आणि एकेक फोल्डर क्रमाने कॉपी करा. तरीही घोळ राहिला तर फाइलीही एकेक करून टाका. भजन, भावगीत, लावणी असे वेगळे फोल्डर पुरेत. फोल्डरात फोल्डर नको, काही स्टिरिओ फार खोल जात नाहीत.

एखादं गाणं वाजतच नसेल तर ते बहुधा `.m4a` किंवा `.flac` असतं. शेवट पुसून `.mp3` लिहिल्याने भागत नाही, कन्व्हर्टरमधून खरोखर एमपी३ करून घ्यावं लागतं.