मुलाखतीची वेळ बदलल्याचा मेल कसा लिहावा?

प्रश्न: उमेदवार पुण्यात, मुलाखत घेणारे न्यूयॉर्कमध्ये. गुरुवारची मुलाखत पुढच्या बुधवारी घ्यायची आहे. मेलमध्ये वेळ कशी लिहू, म्हणजे गोंधळ होणार नाही?

उत्तर: विषयातच नवी वेळ द्या: "मुलाखतीची वेळ बदलली: बुधवार, ४ नोव्हेंबर २०२६, रात्री ८". मजकूर एवढा पुरे:

"नमस्कार, गुरुवार, २९ ऑक्टोबरची मुलाखत रद्द झाली आहे. नवी वेळ: बुधवार, ४ नोव्हेंबर २०२६, रात्री ८ ते ८:४५, भारतीय प्रमाणवेळ (न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी सकाळी ९:३०). लिंक तीच राहील. वेळ सोयीची आहे का, ते सोमवारपर्यंत कृपया कळवा."

वार आणि तारीख दोन्ही हवेतच. एक चुकलं, तर दुसऱ्यामुळे लगेच लक्षात येतं. महिना अक्षरी लिहा, कारण ४/११ अमेरिकेत ११ एप्रिल वाचतात. 'आयएसटी' एवढंच लिहू नका. इस्रायल आणि आयर्लंडच्या वेळेलाही तेच लघुरूप आहे.

तुमच्या बाबतीत खरी मेख वेगळीच आहे. १ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात. २९ ऑक्टोबरला न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे आपले संध्याकाळचे सात. ४ नोव्हेंबरला मात्र रात्रीचे आठ. जुन्या मेलमधली वेळ तशीच उचलली, तर उमेदवार तासभर आधी येऊन ताटकळेल.

कॅलेंडरचं जुनं निमंत्रणच बदलून पाठवा. नवं केलंत, तर जुनं त्याच्याकडे तसंच राहतं.